घर तिघांचं, किल्ली एकाकडे: भाडं कोणत्या तारखेपासून मागता येतं?

प्रश्न: "वडिलांनी नोकरीच्या पैशातून साताऱ्यात बांधलेलं दुमजली घर आहे. वडील 2015 ला गेले, आई 2019 ला. मृत्युपत्र नाही. आम्ही तीन भावंडं. मी आणि धाकटी बहीण लग्नानंतर ठाण्यात, दादा 2019 पासून खालच्या मजल्यावर एकटाच राहतो. जून 2021 ते मे 2024 त्याने वरचा मजला विद्यार्थ्यांना महिना 6,000 रुपयांनी दिला होता. आम्हाला त्यातलं काहीच दिलं नाही. 2023 च्या दिवाळीत गेलो तर कुलूप बदललेलं. मार्च 2024 मध्ये मी किल्ली मागितली, तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'घर माझं आहे, तुमची लग्नं लावून दिली, आता इथे यायचं नाही.' 2019 पासूनचं आमच्या हिश्श्याचं भाडं त्याच्याकडून मागता येईल का?"

ताई, 2019 पासूनचं मिळणार नाही. पण काहीच मिळणार नाही असंही नाही. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे पैसे एकाच पिशवीत बांधलेले आहेत: दादा स्वतः राहिला त्याचे, विद्यार्थ्यांकडून त्याने घेतलेले आणि तुम्हाला दाराबाहेर ठेवल्यानंतरचे. कायदा या तिघांकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो. ते एकत्र मागितले तर समोरचा वकील पहिल्यावर बोट ठेवून तिन्ही पाडायला बघतो.

पहिल्यापासून सुरू करू, कारण तुमची खरी चीड तिथेच दिसते. वडिलांचं घर स्वकष्टार्जित होतं आणि मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे ते गेल्यावर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 8 प्रमाणे आई आणि तुम्ही तिघं असे चार वारस झालात. आईनंतर तिचा हिस्साही तुम्हा तिघांकडेच आला. आज प्रत्येकाचा एक तृतीयांश. पण हा एक तृतीयांश म्हणजे अमुक खोली नव्हे. वाटप होईपर्यंत घराच्या प्रत्येक विटेत तिघांचा हिस्सा आहे, आणि म्हणूनच प्रत्येकाला सगळं घर वापरायचा हक्क आहे. दादा स्वयंपाकघरात चहा करतो तेव्हा तो तुमचं काही चोरत नसतो, स्वतःचा हक्क वापरत असतो. तुम्ही ठाण्यात राहता म्हणून त्याचा हक्क वाढत नाही, पण त्याच्यावर भाड्याचं देणंही चढत नाही. आपल्या कोर्टांचं वर्षानुवर्षं हेच म्हणणं आहे की एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांचा कब्जा. तो एकटा राहतो एवढ्याने इतरांना बाहेर काढलं असं होत नाही.

हे ऐकून पक्षकार नेहमी एकच म्हणतात: "पण तो फुकट राहतोय ना!" हो, राहतोय. तुम्हीही फुकट राहू शकला असता. कायद्याच्या लेखी तुम्ही वापरला नाही तो तुमचा हक्क होता, त्याने हिसकावलेला नव्हे. या एका मुद्द्यावर मी स्वतः एकदा तोंडावर पडलो आहे. सनद मिळून चार-पाच वर्षं झाली होती. दोन बहिणींसाठी मी भावाविरुद्ध सरळ भाडेवसुलीचा दावा लावला आणि दाव्यात हौसेने लिहिलं की प्रतिवादी हा वादींच्या हिश्श्यापुरता भाडेकरू आहे. न्यायाधीशांनी पहिल्याच सुनावणीत विचारलं, "वकीलसाहेब, भाडेकरार कुठे आहे? आणि मालक स्वतःच्याच घरात भाडेकरू कसा होतो?" तो दावा मागे घ्यावा लागला. तेव्हा कुणी तुम्हाला भावाला भाडेकरू किंवा परवानगीने राहणारा ठरवून नोटीस पाठवायला सांगितलं तर ती नोटीस पाठवू नका. त्याने तुमचीच बाजू लंगडी होते.

आता विद्यार्थ्यांचे पैसे. इथे चित्र पूर्ण बदलतं. स्वतः राहणं वेगळं आणि सगळ्यांचं घर तिसऱ्याला देऊन पैसे खिशात घालणं वेगळं. ते भाडं घरातून आलं, घर तिघांचं, म्हणून भाडंही तिघांचं. भारतीय न्यास कायद्याच्या कलम 90 मध्ये सहमालकाचं नाव घेऊनच सांगितलं आहे की आपल्या स्थानाचा उपयोग करून, इतरांच्या हक्काला बाध आणून जो फायदा त्याने मिळवला तो त्याने सगळ्यांसाठी धरून ठेवला असं समजायचं. अर्थात त्यासाठी झालेला रास्त खर्च वजा करून. यासाठी तुम्हाला कुलूप बदलल्याचं सिद्ध करायची गरज नाही. दादा उद्या म्हणाला की मी कुणाला कधी अडवलं नाही, तरी 6,000 मधले तुमचे 2,000 तो नाकारू शकत नाही.

अडचण आहे ती मुदतीची. अशा रकमेसाठी मुदत कायद्याच्या अनुसूचीतला अनुच्छेद 51 लावा किंवा सर्वसाधारण अनुच्छेद 113 लावा, वर्षं तीनच. प्रत्येक महिन्याचं भाडं त्याच्या हातात पडलं की त्या महिन्याचं घड्याळ सुरू. समजा तुम्ही जानेवारी 2026 मध्ये दावा लावलात, तर मागे जानेवारी 2023 पर्यंतच हात पोचतो. जून 2021 ते डिसेंबर 2022 ही एकोणीस महिन्यांची रक्कम, म्हणजे 1,14,000 आणि त्यातले तुमचे 38,000, गेल्यात जमा धरा. "घरातली गोष्ट घरात मिटेल" म्हणून लोक थांबतात, आणि थांबण्याची किंमत महिना 2,000 रुपये अशी शांतपणे कापली जात असते.

तिसरा भाग सगळ्यात मोठा, आणि त्याचा सगळा भार एका शब्दावर आहे. इंग्रजीत त्याला आउस्टर म्हणतात, आपण हक्क नाकारून बाहेर ठेवणं म्हणू. सहमालक जोवर तुमचा हक्क मान्य करून राहतो तोवर त्याचा कब्जा कायदेशीर. ज्या दिवशी तो उघडपणे, तुम्हाला कळेल अशा रीतीने म्हणतो की तुमचा इथे काही हक्क नाही आणि तुम्हाला आत येऊ देत नाही, त्या दिवसापासून तुमच्या हिश्श्यापुरता त्याचा कब्जा गैर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने पी. लक्ष्मी रेड्डीच्या निकालात हे फार नेमकं मांडलं आहे. एकट्याने राहणं आणि उत्पन्न घेणं पुरेसं नाही, इतरांच्या माहितीत, त्यांचा हक्क नाकारून ते व्हायला हवं. तो निकाल प्रतिकूल कब्जाबद्दलचा, म्हणजे वर्षानुवर्षं उघड कब्जा ठेवून मालकी सांगण्याबद्दलचा आहे, पण कसोटी हीच. एकदा कब्जा गैर ठरला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 2(12) मधला अंतःकालीन लाभ मागता येतो. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला मेस्ने प्रॉफिटच म्हणतात. गैर कब्जा असलेल्याने मिळकतीतून प्रत्यक्ष मिळवलेलं किंवा साधी काळजी घेतली असती तर त्याला मिळू शकलं असतं ते उत्पन्न, त्यावरच्या व्याजासह. "मिळू शकलं असतं" हे शब्द तुमच्या कामाचे आहेत. त्याकडे पुढे येतो.

एक बारकावा सांगून ठेवतो, कारण तो तुमच्या वकिलालाही लागेल. काही न्यायाधीश म्हणतात की वाटपाच्या दाव्यात सहमालकाचा कब्जा मुळात गैर नसतोच, म्हणून मेस्ने प्रॉफिट हा शब्दच नको. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1951 मध्येच बब्बुरू बसवय्या प्रकरणात हा फरक केला आहे: परक्याकडून कब्जा मागणारा दावा वेगळा, सहमालकांमधला वाटपाचा दावा वेगळा आणि एकत्र कुटुंबाच्या कर्त्याकडून हिशेब मागणारा दावा आणखी वेगळा. सहमालकांच्या दाव्यात मिळकतीच्या उत्पन्नाचा हिशेब हा वाटपाचाच एक भाग म्हणून होतो. म्हणून दाव्यात दोन्ही लिहावं: उत्पन्नाचा हिशेब द्यावा, आणि अमुक तारखेपासून वादींना बाहेर ठेवल्याबद्दल मेस्ने प्रॉफिट द्यावेत. एक पाय घसरला तर दुसरा टेकतो.

आता तारीख. तुमच्याकडे दोन आहेत. दिवाळी 2023 आणि मार्च 2024. मनाने तुम्ही पहिलीवर जाल. मी दुसरीवर जाईन. कुलूप बदललं याला साक्ष तुमची आणि तुमच्या बहिणीची. दादा म्हणेल, जुनं कुलूप गंजलं होतं, नवीन लावलं, किल्ली मागितली असती तर दिली असती. यात त्याला कुणी खोटं पाडू शकत नाही. कुलूप बदलणं म्हणजे हक्क नाकारणं असं आपोआप होत नाही. पण "घर माझं आहे, आता इथे यायचं नाही" हा मेसेज म्हणजे त्याच्याच हातचं नकारपत्र. यापेक्षा चांगला पुरावा मला माझ्या पक्षकारांकडून क्वचितच मिळाला आहे. तो फोन जपा, विकू नका, बदलू नका. नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम 65-ब होतं. मेसेजच्या आधीची तुमची किल्लीची मागणीही त्याच साखळीत हवी, नाहीतर तो रागाच्या भरात बोलला असं म्हणायला जागा राहते.

त्या एका मेसेजने दोन घड्याळं सुरू झाली हेही लक्षात घ्या. एक तुमच्या बाजूचं, भाड्याचं. दुसरं त्याच्या बाजूचं. हक्क उघड नाकारला गेला की बारा वर्षांच्या आत तुम्ही दावा लावायला हवा, नाहीतर तो प्रतिकूल कब्जाचा मुद्दा घेईल. मार्च 2036 लांब वाटतो, पण "कधीतरी बघू" म्हणत लोक याहून मोठी अंतरं पार करतात.

"लग्नं लावून दिली" याचं काय, असं तुमच्या मनात असेल. कायद्यात त्याला काडीची किंमत नाही. लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. तुम्ही हक्क सोडला असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सुटतो, मांडवात मान हलवून नाही. राहत्या घरात मुलींनी वाटप मागायचं नाही असं जे पूर्वी वारसा कायद्याच्या कलम 23 मध्ये होतं तेही 2005 च्या दुरुस्तीने गेलं. तरी आईच्या दिवसकार्यानंतर तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेत जायचं म्हणून कोणत्या कागदांवर सह्या केल्या होत्या ते आठवून बघा. वारसनोंदीचा अर्ज म्हणून सही घेतलेला कागद नंतर हक्कसोडपत्र निघालेला मी पाहिला आहे. दुय्यम निबंधकाकडे त्या घराच्या नावावर काय काय दस्त नोंदले गेलेत ते आधी काढा, मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा, मगच पुढे बोला.

आता हिशेब मांडू. आकडे समजा म्हणून धरतो, तुम्ही तुमचे घाला. खालच्या मजल्याला त्या भागात महिना 9,000 भाडं आलं असतं, वरच्याला 6,000 येतच होतं. दावा जानेवारी 2026 मध्ये.

विद्यार्थ्यांचं भाडं जानेवारी 2023 ते मे 2024, सतरा महिने, 1,02,000. तुमचा तिसरा हिस्सा 34,000. खालचा मजला एप्रिल 2024 पासून, कारण मार्चमध्ये नकार आला. डिसेंबर 2025 पर्यंत एकवीस महिने, महिना तुमचे 3,000, म्हणजे 63,000. वरचा मजला जून 2024 पासून त्याने रिकामा ठेवला आहे. आदल्या महिन्यापर्यंत विद्यार्थी राहत होते, नंतर खोल्या बंद. इथे ते "मिळू शकलं असतं" उपयोगी पडतं. तोवर तुम्हाला बाहेर ठेवलेलं होतं, म्हणजे ना त्याने भाड्याने दिला, ना तुम्हाला वापरू दिला. डिसेंबर 2025 पर्यंत एकोणीस महिने, महिना तुमचे 2,000, म्हणजे 38,000. एकूण 1,35,000. एप्रिल आणि मे 2024 चं वरच्या मजल्याचं भाडं आधीच मोजलं आहे, ते पुन्हा धरलेलं नाही. दुहेरी मोजणी ही अशा तक्त्यांमधली नेहमीची चूक आहे आणि उलटतपासात ती सापडली की सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

यातून दादाचा खर्च वजा होईल. समजा 2023 च्या उन्हाळ्यात त्याने गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, 45,000 ची बिलं आहेत. गच्ची गळत असेल तर ते घर वाचवणारं काम, त्यातले 15,000 तुमच्यावर येतात. घरपट्टीही तो मागेल. माझा अनुभव असा की जो एकटा राहतो त्याने घरपट्टी, वीज, पाणी भरावं याकडे न्यायाधीशांचा कल असतो. पण हा कल आहे, नियम नाही. आणि त्याने हौसेने मॉड्युलर किचन बसवलं असेल तर त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत, पण त्या किचनमुळे वाढलेलं भाडंही तुम्ही मागायचं नाही. कलम 2(12) मध्येच ते वगळलेलं आहे. म्हणून खालच्या मजल्याचं भाडं ठरवताना ते घर 2019 मध्ये होतं तसं धरा.

तर 1,35,000 मधून 15,000 गेले, राहिले 1,20,000. तुमच्या बहिणीचेही तेवढेच. दिवाळी 2023 ची तारीख धरली असती तर खालच्या मजल्याचे आणखी पाच महिने, 15,000 रुपये वाढले असते. पंधरा हजारांसाठी एक कच्ची तारीख पुढे करून पक्की तारीख संशयात आणू नका असं मी सांगेन.

मोठी रक्कम यापुढेच आहे. दावा लावल्यानंतर कब्जा मिळेपर्यंत महिना 5,000 तुमचे. वाटपाचा दावा, त्यावर अपील असं सहा वर्षं चाललं, आणि ते सहज चालतं, तर 3,60,000. मागची रक्कम दाव्यात आकड्यानिशी मागावी लागते. पुढची रक्कम मागायला विसरलात तरी कोर्ट देऊ शकतं, गोपाळकृष्ण पिल्लई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. तरी विसरू नका. न मागितलेलं देणं हे कोर्टाच्या मर्जीवर असतं.

कोर्ट फीची तुम्हाला धास्ती असेल. महाराष्ट्रात 1994 च्या शासकीय अधिसूचनेने स्त्री वादीला काही प्रकारच्या वादांत कोर्ट फी माफ केली, पण ती तुमच्या दाव्याला लागू होते का हे वकिलाकडून आधी तपासून घ्या. तुम्ही दोघी वादी व्हा. दोघींपैकी एकीला दाव्यात यायचं नसेल तर तिला प्रतिवादी करा, पण वगळू नका. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार हवेत. वडिलांची आणखी कुठे जमीन, प्लॉट असेल तर तीही याच दाव्यात घाला, अर्धवट वाटपाचा आक्षेप नको.

पण दाव्याच्या आधी एक नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मेसेज असताना नोटीस कशाला? कारण मेसेज मार्च 2024 चा आहे, आणि मधल्या काळात दादाला कुणीतरी शहाणा वकील भेटला असेल. नोटिशीत शिव्याशाप, जुने हिशेब, आईच्या दागिन्यांचा विषय काही नको. एवढंच लिहा: घरात आमचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे, तुम्ही मार्च 2024 मध्ये तो नाकारून प्रवेश बंद केला, पंधरा दिवसांत वरच्या मजल्याची किल्ली द्या, घेतलेल्या भाड्याचा हिशेब द्या, वाटप करा, नाहीतर अमुक दराने रक्कम मागू.

याला तीन प्रकारचं उत्तर येऊ शकतं. उत्तरच आलं नाही किंवा पुन्हा "घर माझंच" आलं तर तुमची बाजू आणखी घट्ट झाली. तिसरं उत्तर मात्र सापळा असतो: "वादींना कधीही प्रवेश नाकारलेला नाही, त्या केव्हाही येऊन राहू शकतात." या एका ओळीने पुढचं भाडं थांबू शकतं. असं उत्तर आलं तर घरी बसून चिडू नका. आठ दिवसांत जा. आधी लेखी कळवा की अमुक तारखेला सकाळी अकराला वरच्या मजल्याची किल्ली घ्यायला येतो. शेजारचं कुणी, शक्यतो दोन्ही घरांशी बोलणं असलेलं माणूस, सोबत घ्या. किल्ली दिली तर पावती द्या, आत दोन ट्रंका आणि एक गादी ठेवा, वरच्या मजल्याचा कब्जा तुमचा झाला. त्या मजल्याचं भाडं तिथे थांबेल आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. किल्ली दिली नाही तर तिथल्या तिथे मेसेज करा: आज अकरा वाजता आलो, किल्ली मिळाली नाही. त्याचं गोड उत्तर त्याच्याच गळ्यात पडतं. माझ्या एका पक्षकार बाईंनी हे इतकं शांतपणे केलं होतं की उलटतपासात भावाला त्या सकाळी तो घरात होता की नाही हेच धड सांगता येईना.

कुलूप तोडायला मात्र जाऊ नका. हक्क आहे म्हणून कटर घेऊन गेलेली माणसं पोलीस ठाण्यात बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर दिवाणी दाव्यात सहानुभूती दुसऱ्या बाजूला जाते.

पुराव्याची तयारी आतापासून करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. दादाने विद्यार्थ्यांचा करार नोंदवला असेल तर त्याची सूची दोन निघते आणि 6,000 चा आकडा त्याच्या सहीनेच सिद्ध होतो. नोंदवला नसेल, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक नोंदवत नाहीत, तर त्या मुलांपैकी एकाने पाठवलेल्या पैशांची यूपीआय नोंद मिळाली तरी पुरते. खालच्या मजल्याच्या दरासाठी त्याच गल्लीतल्या दोन-तीन नोंदणीकृत करारांच्या नकला काढा. एजंट तोंडी काय सांगतो त्याला वजन नसतं. शेवटी दर कोर्टच ठरवतं, बहुतेकदा प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरल्यावर वेगळी चौकशी लावून.

दाव्याबरोबर तात्पुरत्या अर्जात काय मागायचं यात थोडा विवेक हवा. दादाने घर विकू नये, तिसऱ्याला आत घालू नये अशी मनाई मागा, ती सहसा मिळते. त्याने दरमहा काही रक्कम कोर्टात भरावी असाही अर्ज करता येतो, मेसेज दाखवून. रिसीव्हर, म्हणजे घर ताब्यात घेऊन सांभाळणारा कोर्टाचा माणूस, नेमा असं मात्र राहत्या घरासाठी सहसा मागू नये. भावाला बेघर करायला निघाल्यासारखं दिसतं, आणि कोर्टं राहत्या घरात रिसीव्हर घालायला नाखूष असतात. वरचा मजला त्याने पुन्हा भाड्याने दिला तर त्या भाड्यापुरता तो अर्ज योग्य.

हे घर तिघांत कापता येत नाही, हे तुम्हाला दिसत असेलच. दोन मजले, तीन हिस्से, एक जिना. सरस-निरस वाटप करायला कोर्ट कमिशनर येईल, मोजेल आणि बहुतेक लिहून देईल की वाटप व्यवहार्य नाही. तेव्हा 1893 चा वाटप कायदा उपयोगी पडतो. अर्धा किंवा त्याहून अधिक हिस्सा ज्यांचा आहे ते विक्री मागू शकतात, तुम्हा दोघींचा मिळून दोन तृतीयांश आहे. तुम्ही विक्री मागितलीत की दादाला कलम 3 प्रमाणे तुमचे हिस्से मूल्यांकनाच्या दराने विकत घ्यायची संधी मिळते. घराची किंमत 60 लाख आली तर त्याला तुम्हाला प्रत्येकी 20 लाख द्यावे लागतील, आणि भाड्याची रक्कम त्यात मिळवली जाईल. म्हणून मी पक्षकारांना दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवतो: 1,20,000 आणि 20,00,000. भाड्याचा दावा हा वाटपाच्या दाव्याला जोडलेला डबा आहे. भाड्यासाठी वेगळा दावा लावून वाटप पुढे ढकलणं म्हणजे डबा ओढून इंजिन मागे सोडणं. शिवाय महिना 5,000 चढतायत हे दिसलं की दादाच तडजोडीच्या टेबलावर लवकर येतो. इतक्या वर्षांत मी हे अनेकदा पाहिलं.

तडजोड झालीच तर ती कागदावर करा. तो राहील आणि विक्री होईपर्यंत दोघींना महिना अमुक देईल असं लिहून, तारीख घालून, वाटप दाव्यात तडजोड हुकूमनामा म्हणून नोंदवून घ्या. मग ते भाडं सिद्ध करायची कटकट राहत नाही, न दिल्यास थेट दरखास्त लावता येते.

हे सगळं स्वकष्टार्जित घर आणि सहमालक भावंडं धरून सांगितलं. घर आजोबांपासून चालत आलेलं एकत्र कुटुंबाचं असतं आणि दादा कर्ता म्हणून सांभाळत असता, तर कुटुंब विभक्त होण्याआधीच्या काळाचा हिशेब मागणं बरंच अवघड झालं असतं. घर गोव्यात असतं तर वारसांची वाटणी तिथल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेने झाली असती. आणि सोसायटीतला फ्लॅट असता तर दादा नॉमिनी असल्याचा दाखला घेऊन आला असता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण ते सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवताना एक पावसाळा जातो.

सध्या करायचं ते एवढंच: मिळकत पत्रिका आणि नोंदलेल्या दस्तांचा शोध या आठवड्यात, नोटीस त्यानंतर लगेच. जानेवारी 2023 चं भाडं जानेवारी 2026 संपताना मुदतीबाहेर जातं, फेब्रुवारीचं फेब्रुवारीत.